सिनॅप्टिक पुटिकांचे चक्र

चेतातंतूच्या टोकातील पुटिका, म्हणजे पटलाच्या सूक्ष्म पिशव्या, पुढच्या पेशीला संदेश देणारे पारेषक द्रव्य बाहेर सोडतात, त्यांचे आवरण परत आत ओढले जाते आणि त्या पुन्हा भरल्या जातात, या क्रमाला हे नाव आहे. पुटिकेचा व्यास सुमारे ४० नॅनोमीटर असतो. विद्युत्संदेश टोकाशी पोचताच कॅल्शियम आत शिरते व सिनॅप्टोटॅग्मिन या प्रथिनाला चिकटते. पुटिकेवरील सिनॅप्टोब्रेव्हिन आणि टोकाच्या पटलावरील सिंटॅक्सिन व स्नॅप-२५ एकमेकांत पिळली जाऊन दोन पटले एक होतात. बोट्युलिनम विषे यांपैकीच एखादे प्रथिन कापतात.

आवरण परत कसे येते, हा जुना वाद आहे. १९७३ मध्ये ह्यूझर व रीस यांनी बेडकाच्या स्नायूवरून असे मांडले, की पुटिका पटलात पूर्ण मिसळते व नंतर क्लॅथ्रिन या प्रथिनाच्या जाळीतून नवी खुडली जाते. चेकारेली यांच्या गटाने त्याच वर्षी, पुटिका क्षणभर तोंड उघडून तशीच परत फिरते, असे म्हटले. २०१३ नंतर उंदरांच्या चेतापेशींत ५० ते १०० मिलिसेकंदांत आवरण परत येताना दिसले. शरीराच्या तापमानाला हाच मुख्य मार्ग असावा. खोलीच्या तापमानाला क्लॅथ्रिनचा मार्ग पुढे येतो, त्यामुळे जुनी निरीक्षणे चुकीची ठरत नाहीत.

हे चक्र तुटल्यावर काय होते, ते गोव्यात मण्यारीच्या दंशातून दिसते. सत्तरी, सांगे यांसारख्या भागांत जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री दंश होतो. वेदना व सूज जवळजवळ नसते, कित्येकदा दंशाची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, मग पापण्या मिटू लागतात, गिळणे कठीण होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. या विषातील बीटा-बंगॅरोटॉक्सिन गटाची विकरे टोकाच्या पटलातील मेदद्रव्ये फोडतात. पुटिका एकदम रित्या होतात, परत भरल्या जात नाहीत आणि टोकच निकामी होते. नागाचे विष मात्र प्रामुख्याने पलीकडे स्नायूवर पारेषक झेलणाऱ्या ग्राहीवर बसते, पुटिका शाबूत राहतात. म्हणून ॲसिटिलकोलीन या पारेषकाला फुटण्यापासून रोखणाऱ्या निओस्टिग्मिनने नागदंशात पापण्या उघडण्याची शक्यता असते, मण्यारीत बहुधा फरक पडत नाही. प्रतिविष रक्तातले विष बांधते, मोडलेले टोक सांधत नाही. ते नव्याने वाढेपर्यंत रुग्णाला कित्येक दिवस कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. म्हणून लक्षण नसले तरी रुग्णाला घरी थांबवू नये.

'पुनर्ग्रहण' हा शब्द पुटिकेच्या आवरणासाठी वापरल्यास घोटाळा होतो, तो पारेषकासाठी राखणे बरे. ॲसिटिलकोलीन बाहेरच फुटते व त्यातील कोलीन तेवढे आत घेतले जाते, तर सेरोटोनिन अख्खे परत येते. नैराश्यावरील फ्लुओक्सेटिन ही वाट अडवते. सर्पगंधेतील रेसर्पिन पुढच्या पायरीवर, म्हणजे पुटिका भरण्यावर आघात करते. पुटिकेबाहेर राहिलेले सेरोटोनिन व नॉरॲड्रेनालिन पेशीतच नष्ट होते, आणि रक्तदाब उतरतो.