पोटात काही दिसत नाही, पण रिपोर्ट पॉझिटिव्ह

अंबाजोगाईपासून तासाभरावरच्या गावातून ती सासूबरोबर आली होती. पाळी चुकून दोन आठवडे झालेले, दोन दिवसांपासून थोडा डाग. लघवीची तपासणी पॉझिटिव्ह, पण आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं. सासूबाई म्हणाल्या, "मॅडम, पिशवीत काहीच न्हाई, मग दिवस गेलेत कशावरून?"

अशा वेळी तीन शक्यता असतात. गर्भ अजून दिसण्याइतका मोठा नसेल, गर्भ पडत असेल किंवा तो गर्भनलिकेत अडकला असेल. तिसरी शक्यता जिवावर बेतणारी, पण घाईनं औषध दिलं आणि गर्भ पिशवीतच निघाला, तर हवं असलेलं मूल आपल्याच हातून जायचं. म्हणून आधी बीटा एचसीजी हे रक्तातलं संप्रेरक मोजायचं आणि बरोबर 48 तासांनी, त्याच लॅबमध्ये, पुन्हा मोजायचं. लॅब बदलली की यंत्र बदलतं, आकडाही बदलतो. मग वाढ खरी किती, ते कळत नाही.

सोमवारी तिचा आकडा 840 आला. एवढ्यावर निरोगी गर्भही सोनोग्राफीत न दिसणं शक्य आहे. 3500च्या पुढे जाऊनही पिशवी रिकामी दिसली, तर मात्र संशय बळावतो. बुधवारी 1150. आकडा वाढला म्हणून घरच्यांना हायसं वाटलं. मला वाटलं नाही.

गर्भाच्या भोवतीच्या पेशी भराभर वाढतात आणि हे संप्रेरक त्याच सोडतात. पहिला आकडा 1500च्या आत असेल, तर पिशवीतला निरोगी गर्भ सावकाश वाढला तरी दोन दिवसांत साधारण 49 टक्के वाढ दाखवतो. म्हणजे बुधवारी निदान 1250 हवे होते. तिची वाढ 37 टक्केच होती. नळीचं अस्तर गर्भाला पोसायला बनलेलं नसतं, त्यामुळे तिथं वाढ बहुधा अशी रखडते.

बहुधा म्हणते, कारण नळीतल्या साधारण पाचातल्या एका गर्भाचा आकडा अगदी निरोगी गर्भासारखा चढतो, काहींचा तर उतरतोही. म्हणून घरी पाठवताना सासूबाईंना बजावलं, "पोटात कळ आली, चक्कर आली किंवा खांदा दुखायला लागला, तर आकड्याची वाट बघू नका, रात्र असली तरी गाडी काढा." नळी फुटली की पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला लागतं आणि दुखणं खांद्यात जाणवतं. कितीतरी घरांत ते अवघडलं म्हणून शेकत बसतात.

शुक्रवारी 1540. पुन्हा सोनोग्राफी केली. या खेपेला उजव्या अंडाशयाशेजारी एक छोटी गाठ दिसली, कडेनं जाड वर्तुळ असलेली. ठोके नव्हते, पोटात रक्त नव्हतं, रक्तदाब ठीक होता. गर्भाची वाढ थांबवणारं मेथोट्रेक्सेट इंजेक्शन दिलं आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या बंद केल्या, कारण त्यांनी औषधाचा जोर कमी होतो.

चौथ्या दिवशी आकडा 1720 झाला, तेव्हा तिचा चेहरा उतरला. पण इंजेक्शननंतर सुरुवातीला असं चढणं नेहमीचं. बघायचं असतं ते चौथ्या ते सातव्या दिवसातलं उतरणं, किमान 15 टक्के. सातव्या दिवशी 1310 आला, म्हणजे 24 टक्क्यांनी कमी. त्यानंतर आकडा शून्याजवळ येईपर्यंत दर आठवड्याला ती एसटीनं येत राहिली.