तीन म्हशी आणि सहा वाट्या

कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीची मुलगी अडीच वर्षांची आहे. मोबाइलवरच्या बडबडगीतामुळे ती एकपासून दहापर्यंतचे आकडे तालासुरात म्हणते आणि पाहुणे आले की तिला ते म्हणून दाखवावेच लागतात. गेल्या महिन्यात मी तिच्यापुढे सहा छोट्या वाट्या मांडल्या आणि "मला तीन वाट्या दे" असे म्हटले. तिने दोन्ही हातांनी गोळा करून सहाही वाट्या माझ्या मांडीवर ओतल्या. मग "एक वाटी दे" असे म्हटल्यावर मात्र तिने बरोबर एकच वाटी उचलून दिली.

यात काळजी करण्यासारखे काहीच नव्हते. कॅरेन विन या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांकडून अशाच रीतीने ठरावीक संख्येच्या वस्तू मागितल्या होत्या, आणि ही पद्धत आजही वापरली जाते. मूल आधी फक्त 'एक'चा अर्थ शिकते, पुढे काही महिन्यांनी 'दोन'चा, मग 'तीन'चा. त्यानंतर, सर्वसाधारणपणे साडेतीन ते चार वर्षांच्या सुमारास, मोजताना शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजेच त्या सगळ्या वस्तूंची संख्या असते हे त्याला उमगते. तोपर्यंत 'एक दोन तीन चार' ही त्याच्या दृष्टीने एखाद्या गाण्याची ओळ असते. कित्येक मुलांना तर त्या ओळीतले शब्द सुटे आहेत हेही ठाऊक नसते, म्हणून मध्येच थांबवून "चारच्या पुढे काय?" असे विचारले की त्यांना पुन्हा 'एक'पासून सुरुवात करावी लागते.

म्हणूनच आकड्यांच्या बडबडगीताचा व्हिडिओ तपासताना तो ओळ पाठ करून घेतो की संख्येचा अर्थ दाखवतो, हे पाहावे लागते. भाचीचा व्हिडिओ मी तिच्याशेजारी बसून तीनदा पाहिला. त्यात 'पाच' हा शब्द येताच पाच बदके एकदम उडी मारून पडद्यावर येत होती, त्यांच्याभोवती चांदण्या चमकत होत्या, आणि पुढचा आकडा येण्याआधीच ती नाहीशी होत होती. यात मोजणे कुठेच घडत नव्हते. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये मोजणीची जी तत्त्वे मांडली, त्यांपैकी एक असे की प्रत्येक वस्तूला एक आणि एकच आकडा मिळाला पाहिजे. बदके एकगठ्ठा आली की ही जोडी जुळत नाही, आणि ती लगेच गेली की 'पाच' हा शब्द कशाला लागू होता हे पाहायला समोर काहीच उरत नाही. चांदण्यांमुळे उलट नुकसानच होते, कारण लहान मुलाची नजर हलत्या आणि चमकत्या गोष्टीकडे आधी जाते.

मग योग्य कडवे कसे असावे? भाचीसाठी मी एक, दोन आणि तीन वस्तूंच्या तीन कडव्यांचे गाणे रचून त्याचा नवा व्हिडिओ केला. गंगावेशेतल्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढली जाते, हे दृश्य इथल्या मुलांच्या ओळखीचे असल्यामुळे मी म्हैसच निवडली. तिसरे कडवे असे:

तीन म्हशी आल्या, कट्ट्यावर आल्या,
एक… दोन… तीन…
किती म्हशी?
तीन म्हशी आल्या.

पहिल्या ओळीला तिन्ही म्हशी पडद्यावर येऊन स्थिर उभ्या राहतात. त्या एकसारख्या काळ्या असतात आणि मागे फिकट पिवळ्या रंगाची साधी भिंत असते. चित्र ठळक हवे ते एवढ्याचपुरते, म्हणजे म्हैस मागच्या भिंतीपासून उठून दिसण्यापुरते. मोजणीच्या ओळीत ज्या म्हशीचा आकडा उच्चारला जातो तिच्याच गळ्यातली घंटा हलते, इतर दोन हलत नाहीत. 'तीन' झाल्यावरही तिन्ही म्हशी तिथेच उभ्या असतात. आधी संख्या सांगून लगेच मोजून दाखवण्याचा हा क्रम मी संशोधक केली मिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2012 मधील प्रयोगावरून घेतला आहे. साडेतीन वर्षांच्या आसपासच्या मुलांना नुसते मोजून दाखवण्यापेक्षा किंवा नुसती संख्या सांगण्यापेक्षा दोन्ही लागोपाठ केल्याने अधिक लाभ झाला, असे त्यांना आढळले होते.

संथपणाचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला साठ ठोके धरले, तर पहिल्या ओळीच्या दोन तुकड्यांना चार-चार ठोके, प्रत्येक आकड्याला दोन, 'किती म्हशी?' आणि त्यानंतरच्या शांततेला मिळून चार, आणि शेवटच्या ओळीला चार ठोके लागतात. म्हणजे एका म्हशीचे कडवे अठरा सेकंदांचे, दोन म्हशींचे वीस आणि तीन म्हशींचे बावीस सेकंदांचे होते. पूर्ण गाणे बरोबर एका मिनिटाचे होते आणि तिथेच थांबते. तीनपर्यंतच्या वस्तू न मोजताही नजरेला एकदम कळतात, त्यामुळे ऐकलेला आकडा आणि दिसलेला समूह यांची सांगड तिथवरच सहज बसते. दहापर्यंतचे गाणे क्रम पाठ व्हावा म्हणून खुशाल असावे, पण ते वेगळे असावे.

मराठी कडव्यासाठी वस्तू निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. एक म्हैस, दोन म्हशी. एक पेढा, दोन पेढे. एक फूल, दोन फुले, असे नामाचे रूप बदलले की एक आणि अनेक यांतला फरक मुलाच्या कानावर पडतो. लाडू किंवा बैल घेतले तर एक लाडू, दोन लाडू असे रूप तसेच राहते. ज्या भाषांत एकवचन-अनेकवचनाचा भेद ठळक आहे तिथली मुले 'एक'चा अर्थ लवकर शिकतात, असे इंग्रजी आणि रशियन मुलांची जपानी मुलांशी तुलना करताना आढळले आहे. दोन वस्तूंसाठी वेगळे द्विवचन असणाऱ्या स्लोव्हेनियन भाषेतली मुले 'दोन'ही लवकर शिकतात. मराठीवरचा असा अभ्यास माझ्या पाहण्यात नाही, पण कडव्यात 'आली', 'आल्या' ही क्रियापदे मी मुद्दाम ठेवली आहेत, कारण लाडूच घ्यायचे ठरले तरी 'आला' आणि 'आले' यांतून तो भेद ऐकू येतोच. कोल्हापुरी चप्पल मात्र मी टाळली. घरात आपण तिला 'एक जोड' म्हणतो, आणि ज्या मुलीला 'दोन' अजून पक्के नाही तिला दोन चपलांना 'एक' म्हणायला लावणे बरे नव्हे. माणसे टाळण्याचे कारणही तसेच, कारण त्यांच्यासाठी 'तिघे' आणि 'तिघी' असे वेगळेच शब्द येतात.

या कडव्याचीही एक खोट आहे. शेवटचा आकडा पुन्हा उच्चारला जात असल्यामुळे "किती?" असे विचारले की शेवटचे ऐकलेले म्हणायचे, एवढीच युक्ती मूल उचलू शकते. त्यामुळे "किती म्हशी?" या प्रश्नाला "तीन" असे उत्तर आले म्हणून समजू नये की अर्थ कळला. खरी पारख वस्तू मागून घेण्यातच होते. शिवाय साधारण तीन वर्षांखालील मुले पडद्यावर पाहिलेले, समोरच्या माणसाने करून दाखवलेल्याच्या मानाने, कमी शिकतात. तेच तेच पुन्हा पाहिल्याने ही तूट काहीशी भरून निघते, पूर्ण नाही. म्हणून प्रश्न आणि शांततेच्या त्या चार ठोक्यांत कोणीतरी शेजारी बसून स्वतःच्या बोटाने म्हशी दाखवाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशीनुसार दोन वर्षांच्या मुलांचा बैठा पडदावेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा. आमचे गाणे दोनदा लावले तरी दोन मिनिटेच होतात.

तीन आठवडे रोज दोनदा तो व्हिडिओ लावल्यावर मी पुन्हा त्याच सहा वाट्या मांडल्या. दोन मागितल्या तेव्हा भाचीने एक दिली, थोडी थांबली आणि दुसरी दिली. नंतर लागोपाठ दोन वेळाही तिने दोनच दिल्या. तीन मागितल्यावर तिने "एक, दोन, तीन" असे स्पष्ट म्हटले आणि उरलेल्या चारही वाट्या माझ्या मांडीवर ओतल्या.