चाळण्याजोगी मांडणी

पडद्यावरचा लांब मजकूर वाचकाला आधी भराभर चाळता यावा आणि हवी ती जागा सापडली की तिथे थांबून नीट वाचता यावा, या बेताने तो उपशीर्षके, छोटे परिच्छेद आणि याद्या यांत मांडण्याची पद्धत. सकाळी चहासोबत वर्तमानपत्र चाळताना आपण जे करतो तेच वाचक फोनवर करतो. फरक इतकाच, की वर्तमानपत्राचे अख्खे पान एका नजरेत मावते, तर फोनवर एका वेळी जेमतेम दोन-तीन परिच्छेद दिसतात. म्हणून फोनवर वाट दाखवणाऱ्या खुणा जास्त लागतात.

या पद्धतीला आधार म्हणून नेहमी जॉन मॉर्क्स आणि जेकब नील्सन यांच्या 1997 सालच्या अभ्यासाचा दाखला दिला जातो. नवे पान समोर आल्यावर 79 टक्के लोक ते चाळतात आणि शब्दन् शब्द वाचणारे 16 टक्केच असतात, असे त्यांना आढळले. त्यांनी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या पर्यटनाविषयीचा एकच मजकूर वेगवेगळ्या प्रकारे मांडून लोकांपुढे ठेवला. शब्द निम्म्यावर आणलेली आवृत्ती मूळ आवृत्तीपेक्षा 58 टक्के सोयीची ठरली आणि चाळण्याजोगी मांडलेली 47 टक्के. या दुसऱ्या आकड्यामागचा तपशील बहुतेक ठिकाणी सांगायचा राहून जातो. त्या आवृत्तीत मजकूर कापलेला नव्हता. तोच मजकूर फक्त वेगळा मांडला होता. म्हणजे चाळता येणे आणि आखूड असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अर्थ हरवतो तो बहुधा या दोन्ही कामांना एकच समजून एका दमात उरकल्यामुळे.

नेमके काय हरवते

सलग गद्यात वाक्यांना बांधून ठेवतात ते ‘कारण’, ‘पण’, ‘तरच’, ‘नाहीतर’, ‘सोडून’, ‘मात्र’ असे लहान शब्द. परिच्छेदाची यादी करताना पहिली कात्री त्यांनाच लागते, कारण बिंदूपुढे ‘पण’ने सुरू होणारी ओळ विचित्र दिसते. नामे आणि क्रियापदे शिल्लक राहतात, त्यांच्यातले नाते जाते. अट, अपवाद, क्रम आणि कारण या चारही गोष्टी त्या नात्यातच असतात.

एक उदाहरण सविस्तर पाहू. जुलाब होणाऱ्या मुलाच्या पालकांसाठी एखाद्या पानावर हा परिच्छेद आहे असे समजा:

> मुलाला ओआरएसचे पाणी द्यावे. पाकिटातली सगळी पूड एकदम पिण्याच्या स्वच्छ पाण्यात विरघळवावी. पाणी किती घ्यायचे ते पाकिटावर छापलेले असते. काही पाकिटे एक लिटरची असतात तर काही 200 मिलीलिटरची, आणि पाणी कमी पडले तर द्रावणात मीठ जास्त होऊन अपाय होऊ शकतो. दोन वर्षांखालच्या मुलाला दर पातळ शौचानंतर 50 ते 100 मिलीलिटर आणि त्याहून मोठ्याला 100 ते 200 मिलीलिटर थोडे थोडे पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबावे, पण मग पुन्हा सावकाश सुरू करावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. उरलेले द्रावण 24 तासांनंतर टाकून द्यावे. शौचात रक्त दिसले, मूल नीट पिईनासे झाले किंवा मलूल पडले, तर मात्र घरी थांबू नये.

घाईत केलेली यादी साधारण अशी होते:

- एक पाकीट पाण्यात विरघळवा
- दर जुलाबानंतर द्या
- उलटी झाल्यास थांबा
- अंगावरचे दूध द्या
- 24 तासांत वापरा
- शौचात रक्त असल्यास डॉक्टरांना दाखवा

ओळी सुटसुटीत झाल्या, पण तिसऱ्या ओळीचा अर्थ उलटला. मूळ सल्ला उलटी झाली तरी देत राहण्याचा होता, थांबायचे ते फक्त दहा मिनिटे. ‘पण मग’ गेले आणि औषध बंद करण्याची सूचना तयार झाली. पहिल्या ओळीतून पाकिटाच्या मापाची गोष्ट पार निसटली. घरात एक लिटरचे पाकीट असेल आणि हाताशी पेला असेल, तर ही ओळ वाचून पूड पेल्यातच जाईल. सहाव्या ओळीत तीन लक्षणांपैकी एकच उरले आणि तेही दुधाच्या सूचनेइतक्याच वजनाचे होऊन तळाशी बसले. यादीतल्या सगळ्या ओळी दिसायला एकाच पायरीवर असतात, हा तिचा स्वभावच आहे.

नीट मांडायचे तर आधी परिच्छेदात किती वेगवेगळी कामे आहेत ते पाहावे लागते. इथे ती चार आहेत: द्रावण बनवणे, पाजणे, उलटी झाली तर काय करायचे आणि दवाखाना कधी गाठायचा. शेवटचे सर्वांत निकडीचे असल्यामुळे ते वर येते.

> यांतले एक जरी लक्षण दिसले तरी लगेच दवाखान्यात न्या
> - शौचात रक्त
> - मूल नीट पीत नाही
> - मूल मलूल पडले आहे
>
> पाणी पाकिटावर छापले असेल तेवढेच घ्या
> काही पाकिटे एक लिटरची असतात, काही 200 मिलीलिटरची. पाणी कमी पडले तर द्रावणात मीठ जास्त होऊन मुलाला अपाय होऊ शकतो. सगळी पूड एकदम पिण्याच्या स्वच्छ पाण्यात विरघळवा आणि 24 तासांनंतर उरलेले टाकून द्या.
>
> दर पातळ शौचानंतर थोडे थोडे पाजा
> - दोन वर्षांखाली: 50 ते 100 मिलीलिटर
> - त्याहून मोठे मूल: 100 ते 200 मिलीलिटर
>
> अंगावरचे दूध चालूच ठेवा.
>
> उलटी झाली तरी दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करा
> या वेळी आधीपेक्षा सावकाश पाजा.

यादी फक्त दोन ठिकाणी केली आहे, जिथे बाबी खरोखरच एका पंक्तीतल्या आहेत तिथे. मापाची गोष्ट गद्यातच राहिली, कारण तिच्यात कारण आहे आणि कारण यादीत तुटते. ‘किंवा’चे काम यादीच्या डोक्यावरच्या ‘एक जरी’ने घेतले, ते नसते तर तिन्ही लक्षणे एकत्र दिसल्यावरच निघायचे, असा समज होऊ शकला असता. कागदपत्रांच्या यादीत हीच चूक उलट्या अंगाने होते. ‘आधार कार्ड, रेशनकार्ड, वीजबिल’ एवढेच लिहिले, तर तिन्ही लागतात की एक पुरते, हे विचारायला माणसाला खिडकीशी जावेच लागते. शब्दसंख्या म्हणाल तर नवी आवृत्ती मूळ परिच्छेदाहून फारशी आखूड नाही.

उपशीर्षके आणि मराठीचे शेवटचे क्रियापद

‘प्रस्तावना’, ‘महत्त्वाची माहिती’, ‘इतर’ ही शीर्षके कुठल्याही पानावर चालतात, म्हणून कुठेच उपयोगी पडत नाहीत. उपशीर्षकाने खालच्या मजकुराचे सार सांगावे आणि कामाचा शब्द आधी आणावा, असा नियम आहे, कारण चाळणारी नजर ओळीच्या सुरुवातीलाच जास्त पडते.

हा नियम इंग्रजी वाक्य डोळ्यांसमोर ठेवून तयार झाला आहे. त्या वाक्यात नकार मुख्य क्रियापदाच्या आधीच येऊन जातो. मराठीत तो अगदी शेवटी, क्रियापदाच्याही मागे. ‘मुदतीनंतर आलेले अर्ज स्वीकारले जाणार नाहीत’ हे शीर्षक फोनवर दोन ओळींत मोडते आणि पहिल्या ओळीवर नजर टाकून पुढे सरकणाऱ्याच्या पदरात ‘मुदतीनंतर आलेले अर्ज स्वीकारले’ एवढेच पडते. इलाज म्हणजे नकार पोटात घेतलेला शब्द शोधणे: ‘मुदतीनंतरचे अर्ज बाद’. बाद, बंद, मनाई, वर्ज्य, अपात्र, रद्द, टाळा हे शब्द इथे उपयोगी पडतात. सरकारी पाट्या लिहिणाऱ्यांना ही युक्ती केव्हाच सापडली होती. ‘प्रवेश बंद’ ही दोन शब्दांची पाटी ‘आत येऊ नये’पेक्षा लांबून कळते.

ठळक अक्षरांनाही हाच धोका असतो. वाक्याचा एक तुकडा ठळक करताना ‘नये’ किंवा ‘नाही’ बाहेर राहिले, तर पानावर उठून दिसणारा मजकूर नेमका उलटे सांगतो. देवनागरीत अधोरेखनही जपूनच करावे, कारण रेघ उकारांना आणि जोडाक्षरांच्या पायांना भिडते. तिरपी अक्षरे या लिपीत मूळची नाहीत आणि बऱ्याच फॉन्टमध्ये ती नुसती कललेली दिसतात.

उपशीर्षक दिसायला मोठे असून भागत नाही, पानाच्या रचनेतही ते शीर्षक म्हणून नोंदलेले हवे:

```
<p><b>पाणी किती घ्यावे</b></p>
<h2>पाणी किती घ्यावे</h2>
```

डोळ्यांना दोन्ही ओळी जवळपास सारख्याच दिसू शकतात. पण अंध वाचक पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीएसारख्या प्रणालीत `H` दाबून एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उड्या मारत पान चाळतो आणि त्याला फक्त दुसरी ओळ सापडते. पहिल्या प्रकारची शीर्षके असतील तर त्याच्यासाठी ते पान एक सलग भिंत असते.

परिच्छेद कुठे तोडावा

मोठ्या पडद्यावर चार ओळींत बसलेला परिच्छेद फोनवर सहज दुप्पट-तिप्पट उंच होतो, म्हणून तोडावे लागतेच. मात्र ओळी मोजून तोडल्यास विधान एका परिच्छेदात आणि त्याची अट पुढच्या परिच्छेदात जाते. चाळणारा पहिला वाचतो, दुसरा सोडतो. ‘अर्धे शुल्क परत मिळते’ आणि ‘सत्र सुरू होण्याआधी अर्ज केला असेल तरच’ ही दोन्ही एकाच परिच्छेदात, शक्यतो एकाच वाक्यात असावीत, आणि मराठीच्या वळणाप्रमाणे अट आधी आली तर आणखी बरे. तोडायची जागा म्हणजे विषय वळतो ती. तिथून सुरू होणाऱ्या परिच्छेदाच्या तोंडी ‘हे’, ‘त्यामुळे’, ‘वरीलप्रमाणे’ आले तर ते काढून नाम घालावे, कारण थेट तिथेच उतरलेल्या वाचकाने वरचे काही वाचलेले नसते. दर वाक्याला नवा परिच्छेद करण्याची एक पद्धत हल्ली दिसते. तिच्यात सगळेच सुटे असल्यामुळे कशाचा कशाशी संबंध आहे ते कळत नाही आणि नजरेला थांबायला जागाही उरत नाही.

पारख

पहिली तपासणी लेखकाने स्वतः करायची: फक्त उपशीर्षके आणि ठळक शब्द वेगळे उतरवून काढायचे आणि तेवढेच वाचून काही चुकीचे कळते का ते पाहायचे. अपुरे कळले तर हरकत नाही, उलटे कळता कामा नये. दुसरी तपासणी मूळ परिच्छेद हाती घेऊन करायची. त्यातल्या ‘पण’, ‘तरच’, ‘कारण’, ‘किंवा’ यांखाली पेन्सिलीने खूण करायची आणि त्यातल्या प्रत्येकाचे काम नव्या मांडणीत कुठे गेले ते दाखवता आले पाहिजे. वरच्या घाईच्या यादीत ‘पण’ कुठेच सापडत नाही. तिसरी तपासणी दुसऱ्या माणसावर होते. पान उघडलेला फोन त्याच्या हातात द्यायचा आणि ‘पान आवडलं का’ असे न विचारता ‘मूल आत्ताच ओकलं, आता काय कराल?’ असे विचारायचे. घाईच्या यादीवर बोट ‘थांबा’पाशी येऊन अडते.