पाव सेकंद मागे: शॅडोइंगने इंग्रजीचा ठेका कसा पकडायचा

मैफलीत पेटीवाला गायकाची तान संपायची वाट पाहत नाही. सूर कानावर पडला की क्षणभरात त्याची बोटे त्याच वाटेने निघतात. शॅडोइंग म्हणजे बोलण्याची अशीच साथ. रेकॉर्ड केलेले बोलणे कानात चालू ठेवायचे आणि किंचित मागे राहून तेच शब्द मोठ्याने म्हणायचे.

वाक्य ऐकून, थांबवून मग म्हणण्यात आणि यात मोठा फरक आहे. थांबलो की आवाजाचा ताजा ठसा एकदोन सेकंदांत विरू लागतो, डोक्यात अर्थ उरतो आणि उच्चार आपण जुन्या सवयीने पुन्हा रचतो. मागोमाग म्हणताना तेवढी उसंत मिळत नाही. भाषा आणि मन यांचा अभ्यास करणारे विल्यम मार्सलेन-विल्सन यांनी 1973 साली 'नेचर'मध्ये दाखवले, की काही माणसे जेमतेम 250 मिलिसेकंदांच्या, म्हणजे साधारण एका अक्षराच्या अंतराने बोलणे उचलू शकतात. तरीही त्यांच्या चुका व्याकरणात आणि अर्थात बसणाऱ्या होत्या. म्हणजे ही निव्वळ पोपटपंची नव्हती. नवशिक्याने मात्र पाव सेकंदाचा हट्ट धरू नये. दोनतीन शब्द मागे राहिले तरी चालते.

मराठी माणसाला याचा खरा उपयोग ठेक्यासाठी होतो. 'आय वॉज गोइंग टू टेल यू अबाउट इट' हे वाक्य घ्या. आपण त्यातल्या प्रत्येक अक्षराला जवळपास सारखे वजन देतो. इंग्रजी बोलणारा 'टेल'वर सगळ्यात जास्त जोर देतो, 'गो' आणि 'बाउट'वर थोडा कमी, आणि उरलेले उरकून टाकतो. 'वॉज'चा 'वझ' होतो, 'टू'चा नुसता 'ट', आणि शेवटचे दोन शब्द जुळून 'अबाउटिट' ऐकू येतात; अमेरिकन तोंडी तर 'अबाउडिट'. ही आखडलेली अक्षरे जमवणे मराठीला अवघड नाही, कारण तिथे लागणारा स्वर आपल्या 'अ'च्या अगदी जवळचा आहे. अडचण छापील स्पेलिंगची आहे. डोळ्यांना 'वॉज' दिसते आणि तोंड तेच म्हणते.

म्हणून सुरुवात कागदाशिवाय करा. स्वच्छ आवाजातला, एकाच माणसाचा, 20 ते 30 सेकंदांचा तुकडा निवडा. बातम्या धावत्या असतात, मुलाखत किंवा कथाकथन बरे. दोनदा नुसते ऐका. मग लिखित मजकूर समोर घेऊन जोराच्या अक्षरांखाली रेघ मारा आणि न समजलेले शब्द पाहून घ्या. त्यानंतर एकेक ओळ उचला. पहिल्या फेरीत फक्त पुटपुटा, शब्द सुटले तरी चढउतार सोडू नका. दुसऱ्या फेरीत मजकूर बघत म्हणा, तिसऱ्या फेरीत कागद उलटा ठेवून. ओळी बसल्या की सगळा तुकडा सलग. रोज 10-15 मिनिटे, आणि तोच तुकडा चारपाच दिवस. वेग फार वाटला तर 0.75 पर्यंत उतरवा, त्याखाली नको: आखडलेले स्वर ताणले जातात आणि ज्यासाठी हा खटाटोप, तो ठेकाच बिघडतो.

हेडफोन हवाच. म्हणजे फोनवर रेकॉर्ड करताना फक्त तुमचा आवाज येतो. स्वतःचा आवाज मात्र मूळ आवाजाला झाकून टाकतो. ओळीच्या शेवटाकडे आपण अंदाजाने बोलू लागलो, तर हेच घडत असते. आपला आवाज हळू करा किंवा एक कान मोकळा ठेवून पाहा.

तपासणी कानाने नंतर, आधी घड्याळाने. मूळ ओळ दीड सेकंदाची आणि तुमची दोन सेकंदांची निघाली, तर कुठेतरी 'टू', 'वॉज' पूर्ण म्हटले जात आहेत. दोन्हींची लांबी जुळूनही ओळ सपाट वाटत असेल, तर 'टेल' पुरेसा ठळक आणि लांब होत नाहीये.

सुटे उच्चार मात्र शॅडोइंगने आपोआप सुधारत नाहीत, हे त्याच्या चाहत्यांना सहसा आवडत नाही. कान जो फरक ऐकत नाही तो तोंड उचलत नाही. 'पेन', 'टेल', 'की' यांच्या सुरुवातीला इंग्रजीत हवेचा झोत सुटतो, आपल्या 'ठ'च्या आसपासचा. आपला 'प' कोरडा असतो, त्यामुळे इंग्रजी कानाला तो कधी 'ब' वाटतो. ओठांसमोर पातळ कागदाची पट्टी धरा: 'पेन' म्हणताना ती हलली पाहिजे. 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' यांतला फरकही असाच; पहिल्यात ओठ गोल करून दात दूर ठेवायचे, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला लावायचे. असे दोनतीन उच्चार आरशासमोर वेगळे घोटून घ्या आणि मग त्याच ओळीत परत आणा.

आणि दुसऱ्याची वाक्ये कितीही सफाईने म्हटली तरी स्वतःची वाक्ये जुळवण्याचा सराव त्यातून होत नाही. त्यासाठी तुकडा बंद करायचा आणि त्याच विषयावर मिनिटभर आपल्या शब्दांत बोलायचे. पहिली दहा सेकंदे तोच ठेका टिकतो, मग शब्द शोधायला लागलो की मराठी लय परत येते. ती कुठे परत आली, ते रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येते, आणि उद्याच्या सरावाची ओळ तिथेच सापडते.