पोटॅशियम पुन्हा पुन्हा का उतरतं?

पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षांची प्रतवारी करणारी २३ वर्षांची मुलगी घेऊ. केस मी रचलेली आहे, पण असे रुग्ण साधारण याच वाटेने येतात. हंगामात दिवसभर उभं राहून तिच्या पायात गोळे येतात, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. घरचे म्हणतात, "नीट जेवत नाहीस, दुसरं काय!" एकदा जुलाब लागतात आणि हाताची बोटं आत वळून आखडतात, सरळच होत नाहीत. नाशिकला दाखल केल्यावर पोटॅशियम २.६ निघतं, ते किमान ३.५ असायला हवं. सलाईनमधून पोटॅशियम देतात, सुधारतं, ती घरी जाते. काही आठवड्यांनी जुलाब नसतानाही पुन्हा २.७.

इथे लघवी तपासायला हवी. शरीरात पोटॅशियम कमी पडलं की निरोगी मूत्रपिंड ते राखून ठेवतं. हिच्या लघवीत मात्र ते भरपूर जातंय, म्हणजे गळती मूत्रपिंडातच आहे. पोटॅशियम घालवणारा अल्डोस्टेरॉन हा हार्मोन वाढला असेल, तर बहुतेकदा रक्तदाबही चढलेला असतो. हिचा १०४/६६ आहे. माझ्या मते सगळ्या कागदांत हाच आकडा सर्वात बोलका आहे, आणि नॉर्मल म्हणून नेमका त्याच्याकडेच कुणी पाहत नाही.

असं होतं, कारण तिच्या शरीरातून आधी मीठ जातंय. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांच्या शेवटच्या टप्प्यात एक प्रथिन सोडियम आणि क्लोराईड परत रक्तात ओढतं. ते जन्मतःच नीट काम करत नसेल, तर मीठ लघवीवाटे जातं आणि सोबत पाणीही. शरीर ही तूट भरायला अल्डोस्टेरॉन वाढवतं. तो पुढच्या नलिकेत सोडियम वाचवतो, पण त्याच्या बदल्यात पोटॅशियम सोडून देतो. मुळात मीठच कमी असल्याने रक्तदाब चढत नाही. या आजाराला गिटेलमन सिंड्रोम म्हणतात. १९६६ साली त्याचं पहिलं वर्णन झालं. रक्तदाबासाठी अनेक घरांत जी हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोनची गोळी चालू असते, ती लघवी वाढवणारी गोळी याच प्रथिनाला अडवते. हिचं शरीर जणू ती गोळी जन्मापासून घेतंय.

म्हणूनच निदानाआधी दोन प्रश्न संकोच न करता विचारावे लागतात: वजन कमी करायला लघवीची गोळी घेतेस का? जेवून उलटी काढतेस का? वारंवार उलट्या होत असतील, तर लघवीतलं क्लोराईड अगदी कमी येतं. गिटेलमनमध्ये ते कायम भरपूर असतं. गोळी चोरून घेणाऱ्याचं क्लोराईड कधी जास्त, कधी कमी येतं, म्हणून एकच नमुना पुरत नाही. बार्टर सिंड्रोम हा याचाच भाऊबंद. त्यात बिघाड नलिकेच्या आधीच्या भागात असतो, तो बहुधा लहानपणीच कळतो आणि लघवीत कॅल्शियम सहसा जास्त जातं. गिटेलमनमध्ये उलट, लघवीतलं कॅल्शियम कमी आणि रक्तातलं मॅग्नेशियमही कमी.

मॅग्नेशियमची तपासणी नेहमीच्या रिपोर्टमध्ये बहुधा नसतेच, ती मुद्दाम लिहून द्यावी लागते. हिचं १.१ निघतं, साधारण १.७ च्या वर हवं. पोटॅशियम टिकत का नव्हतं, ते इथे उलगडतं. पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या पेशींच्या वाहिन्यांवर आतून मॅग्नेशियमचा अटकाव असतो. मॅग्नेशियम घटलं की तो सुटतो आणि दिलेलं पोटॅशियम लघवीतून निघून जातं. तेव्हा मॅग्नेशियमही भरावंच लागतं. ते एकदम जास्त घेतलं तर जुलाब होतात आणि आणखी पोटॅशियम जातं, म्हणून दिवसभरात थोडं थोडं विभागून घ्यायचं.

पोटॅशियम क्लोराईडच्या रूपातच हवं, कारण क्लोराईडही जातंय. "रोज दोन केळी खा" एवढ्याने भागत नाही: एका केळ्यात साधारण १० मिलिमोल पोटॅशियम असतं, आणि क्लोराईड जवळजवळ नाहीच. मिठावर बंधन नको. अशा अनेकांना लहानपणापासून खारट खावंसं वाटतं, आणि घरी त्यावरून बोलणी बसतात. ती गरज खरी असते. एवढ्यानेही आकडे फारच खाली राहिले, तर स्पायरोनोलॅक्टोन किंवा अमिलोराइड देतात. पण त्यांनी मीठ आणखी जातं, त्यामुळे रक्तदाब आणि चक्कर यांवर लक्ष ठेवावं लागतं. पूर्ण नॉर्मल आकडा अनेकांना गाठता येत नाही. पोटॅशियम ३ च्या आसपास आणि मॅग्नेशियम दीडच्या आसपास राहून त्रास कमी झाला, तरी ते उपचारांचं यश मानतात.

आईवडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. आतेमामे नात्यात लग्न झालेलं असेल तर ही गाठ पडणं सोपं. त्रास नसला तरी सख्ख्या भावंडांचं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम एकदा तपासावं. आणि उलट्या-जुलाब झाले, तर या मुलीने ओआरएसवर घरी न थांबता त्याच दिवशी रक्त तपासून ईसीजी काढावा. अॅझिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स आणि उलटीवरची ऑन्डॅन्सेट्रॉन अशा वेळी हृदयाचा ठोका बिघडवू शकतात, म्हणून दवाखान्यात पाय ठेवताच आजाराचं नाव सांगायचं.