‘कारणावरून’ ते ‘माहीत असताना’: अॅट्रॉसिटीच्या एका कलमाची पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी ‘अॅट्रॉसिटी लागली’ एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. ‘हेट क्राइम’ हा शब्द मात्र तिथे कुणाच्या तोंडी नाही. पण जगात ज्या गुन्ह्यांना या नावाने ओळखतात, त्यांचा आपल्याकडचा कायदा म्हणजे मुख्यतः हाच, १९८९ चा अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम. कल्पना साधी आहे. कुऱ्हाड तीच, जखम तीच, पण समोरचा कोणत्या जातीचा आहे म्हणून ती उचलली गेली असेल तर शिक्षा जास्त, कारण तो घाव एका माणसावर पडला तरी भीती सगळ्या वस्तीला बसते. अडचण पुढे सुरू होते. घाव डॉक्टरला दिसतो. तो का घातला, हे घालणाऱ्याच्या मनात असतं.

या अडचणीची मुळं आपल्याच भागात सापडतात. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि तेव्हाच्या पाचही जिल्ह्यांत दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरं जळाली, धान्य जळालं, लोक गाव सोडून पळाले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आलं. हल्ला कुणावर झाला आणि का, याबद्दल गावात कुणालाही शंका नव्हती. कायद्याच्या कागदावर मात्र तो दंगा होता, जाळपोळ होती, खून होता. भारतीय दंड संहितेच्या ज्या कलमांखाली कुठलंही घर जाळल्याचा गुन्हा नोंदला जाई, त्याच कलमांखाली हीही घरं गेली. नेमकी हीच वस्ती का जाळली, हा प्रश्न विचारणारं शिक्षेचं कलम तेव्हा नव्हतं.

जातीच्या हेतूचा विचार करणारा एक कायदा मात्र तेव्हाही होता. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, जो १९७६ च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला. देवळात न येऊ देणं, पाणवठ्यावर अडवणं, हॉटेलात वेगळा कप ठेवणं, अशा गोष्टी त्यात येतात आणि शिक्षा सहसा सहा महिन्यांच्या आत. या कायद्याचं बारावं कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. ते सांगतं की असं कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडलं असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडलं असं न्यायालयाने गृहीत धरावं. तसं नव्हतं हे आरोपीने दाखवावं. म्हणजे हेतू सिद्ध करणं किती अवघड आहे, हे कायदा करणाऱ्यांना १९५५ सालीच कळलेलं होतं आणि त्यांनी ते ओझं फिर्यादीच्या डोक्यावरून उतरवलं होतं. पण ही सवलत फक्त किरकोळ शिक्षेच्या गुन्ह्यांना. घर जाळलं, माणूस मारला, तर तिचा काही उपयोग नव्हता.

मराठवाड्यापुरती आणखी एक गोष्ट. १९७८ मध्ये रोख मुख्यतः बौद्ध वस्त्यांवर होता. आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या यादीत अनुसूचित जातीचा दर्जा नव्हता. तो १९९० च्या दुरुस्तीने मिळाला. ज्याच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ लिहिलेलं, तो ज्या ओळखीमुळे मार खात होता, ती ओळख केंद्राच्या कायद्याच्या लेखी त्याच्याकडे नव्हती. आजही या कायद्याखालच्या खटल्यात जातीचा दाखला वेळेत जोडला नाही, तर हेतूपर्यंत गाडी पोचतच नाही. ख्रिस्ती किंवा मुस्लिम झालेल्या दलितांना तर अनुसूचित जातीच्या यादीत अजूनही जागा नाही.

३० जानेवारी १९९० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने शिक्षा वाढवली ती प्रामुख्याने दोन ठिकाणी, आणि त्यांतला फरक बघण्यासारखा आहे. कलम ३(२)(चार) म्हणतं की अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचं राहतं घर आग लावून नष्ट करणाऱ्याला जन्मठेप. जातीच्या कारणावरून, असा शब्द तिथे नाही. नष्ट करण्याचा उद्देश किंवा तशी जाणीव पुरे. कलम ३(२)(पाच) मात्र दंड संहितेतल्या दहा वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या कुठल्याही गुन्ह्याला लागू पडतं: खुनाचा प्रयत्न, बलात्कार, दरोडा, धारदार शस्त्राने गंभीर दुखापत. तिथेही शिक्षा जन्मठेप, पण अट अशी की समोरची व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा झाला पाहिजे. १९५५ ची गृहीतकाची सोय या कलमाला दिली नव्हती. पुढची पंचवीस वर्षं भांडण झालं ते या दोन शब्दांवर.

हे शब्द कोर्टात कसे निसटतात, ते एका कल्पित उदाहरणाने सांगतो. परभणी जिल्ह्यातलं एक गाव. एक मातंग कुटुंब बापजाद्यांपासून दोन एकर गायरान कसतं. जूनमध्ये त्यांनी सोयाबीन पेरलं. शेजारच्या वाड्यातल्या तिघांनी गुरं घातली, हटकल्यावर जातीवरून बोलले आणि एकाने डोक्यात कुऱ्हाड घातली. माणूस वाचला. खुनाच्या प्रयत्नात दुखापत झाली असेल तर दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप, म्हणजे न्यायाधीशाला पाच-सात वर्षंही देता येतात. ३(२)(पाच) सिद्ध झालं तर जन्मठेपेशिवाय पर्याय नाही.

आता फिर्याद बघा. जखमीचा भाऊ घाबरलेला, ठाणे अंमलदार लिहून घेतोय. त्याचा पहिला प्रश्न असतो, भांडण कशावरून? भाऊ सांगतो, गायरानावरून. मग फिर्यादीची सुरुवात होते: ‘आमच्यात व आरोपीत गायरान जमिनीवरून जुना वाद आहे.’ वाक्य खरं आहे. बचाव पक्षाला एवढं वाक्य पुरतं. उलटतपासणीत वकील विचारतो, हा वाद नसता तर हे घडलं असतं का? प्रामाणिक साक्षीदार म्हणतो, नसतं. मग हल्ला जमिनीच्या कारणावरून झाला, जातीच्या नव्हे. शिवीगाळ फिर्यादीत न येता चार दिवसांनी पुरवणी जबाबात आली असेल, तर ती मागाहून सुचलेली ठरते. आणि ज्यांनी ती ऐकली ते दोन शेजारी आरोपीच्याच शेतात मजुरीला जातात. खटला उभा राहीपर्यंत ते फितूर झालेले असतात.

पण जमीन आणि जात ही दोन वेगळी कारणं आहेत, हे कुणी ठरवलं? दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून एकनाथ आवाडांच्या बीडमधल्या कामापर्यंत मराठवाड्यातला गायरानाचा लढा हेच दाखवत आला आहे की दलिताने जमीन कसायला घेणं हेच गावातल्या अनेकांना खुपतं. तपास करणाऱ्याला हे दाखवता येतं, आणि त्यासाठी कुणाच्या मनात शिरावं लागत नाही. तलाठ्याकडे गाव नमुना एक-ई असतो, अतिक्रमणांची नोंदवही. त्याच गायरानावर आणखी कुणाकुणाचे गोठे, कडब्याच्या गंजी, विहिरी आहेत, हे तिथे कळतं. इतर जातींची सात अतिक्रमणं वर्षानुवर्षं शांत आहेत आणि कुऱ्हाड आठव्यावरच चालली, हा पुरावा शिवीपेक्षा भक्कम आहे. कारण तो कागद फितूर होत नाही. या कायद्याखालचा तपास निदान पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करावा, असा नियम १९९५ पासून आहे. त्या अधिकाऱ्याने फिर्यादीपलीकडे जाऊन हा नमुना मागवला की नाही, यावर पुष्कळ ठरतं.

मिश्र हेतूचा पेच दुसऱ्यांनाही पडला आहे. इंग्लंडने १९९८ च्या कायद्यात त्यावर दोन वाटा काढल्या. गुन्हा वांशिक द्वेषापोटी झाला हे सिद्ध करा. किंवा गुन्ह्याच्या वेळी अथवा लगेच आधी-नंतर आरोपीने तसा द्वेष व्यक्त केला, एवढंच दाखवा. सोबत दुसरं कारणही होतं का, याने फरक पडत नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. साध्या मारहाणीची कमाल शिक्षा त्यामुळे सहा महिन्यांवरून दोन वर्षांवर जाते. वाढ मोजकी, म्हणून पुराव्याची अटही हलकी ठेवता आली. आपल्याकडे थेट जन्मठेप. माझं मत असं की शिक्षा जितकी मोठी आणि जितकी सक्तीची, तितका न्यायाधीशाचा हात हेतूच्या पुराव्यापाशी अडखळतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या पेचावर नीट विचार केला तो २७ एप्रिल २०२१ च्या निकालात. आंध्रातल्या कर्नूल जिल्ह्यात २०११ साली एका दृष्टिहीन दलित तरुणीवर घरात शिरून बलात्कार झाला होता. आरोपी तिच्या भावांच्या ओळखीचा होता. खालच्या न्यायालयाने बलात्काराखाली आणि ३(२)(पाच) खाली जन्मठेप दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ‘या कारणावरून’ म्हणजे ‘केवळ याच कारणावरून’ नव्हे. स्त्री असणं, अपंग असणं आणि दलित असणं ही कारणं एकमेकांत मिसळलेली असू शकतात. एवढं म्हणूनही त्याच निकालात ३(२)(पाच) खालची शिक्षा रद्द झाली, कारण जातीचा संबंध दाखवणारा वेगळा पुरावा फिर्यादी पक्षाने आणलेलाच नव्हता. बलात्काराखालची जन्मठेप राहिली. व्याख्या रुंद झाली, पण त्या व्याख्येत बसवायला पुरावाच नव्हता.

२०११ च्या त्या घटनेला जुनाच शब्द लागू होता. दरम्यान संसदेने तो बदलला होता. २६ जानेवारी २०१६ पासून ३(२)(पाच) मध्ये ‘या कारणावरून’ऐवजी ‘हे माहीत असताना’ असं आलं. जोडीला कलम ८(ग) आलं: आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला व्यक्तिशः ओळखत असेल, तर जात त्याला माहीत होती असं न्यायालयाने गृहीत धरावं. १९५५ मधली युक्ती साठ वर्षांनी मोठ्या गुन्ह्यांपर्यंत पोचली, फक्त गृहीतक हेतूचं न राहता माहितीचं झालं. आपल्या परभणीच्या उदाहरणात यानंतर फारसं काही उरत नाही. गावातला माणूस, पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेत, वस्ती वेशीबाहेर. जात माहीत नव्हती, असं कोण म्हणेल?

या बदलावरचा आक्षेपही गंभीर आहे. खेड्यात प्रत्येकाला प्रत्येकाची जात माहीत असते. मग दारूच्या भरात झालेल्या मारामारीलाही जन्मठेप लागू शकते, आणि शिक्षा वाढवण्याचं मूळ कारण असलेला द्वेष कलमातून निघूनच जातो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये औरंगाबादेत निघालेल्या पहिल्या मराठा क्रांती मोर्चात या कायद्याबद्दलची नाराजी उघडपणे मांडली गेली होती. तरीही मी संसदेच्या बाजूने आहे. जुन्या शब्दाखाली द्वेष सिद्ध होण्याची वाट सापळ्यासारखी होती, आणि त्या सापळ्यात दर वेळी फिर्यादीच सापडत होता.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, वंश, भाषा, जन्मस्थान, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून केलेला खून स्वतंत्रपणे लिहिला आहे. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप, म्हणजे साध्या खुनाला आहे तीच. वाढ काही नाही, पण ‘कारणावरून’ हा शब्द परत आला. आपल्या गायरानावर तिघांऐवजी सहा जण असते आणि तो माणूस वाचला नसता, तर एकाच दोषारोपपत्रात सरकारी वकिलाला एका कलमाखाली फक्त माहिती दाखवावी लागेल आणि दुसऱ्याखाली कारण. साक्षीदार मात्र तेच, आणि फिर्यादीचं पहिलं वाक्यही तेच: ‘आमच्यात गायरान जमिनीवरून जुना वाद आहे.’