बाराशे रुपयांत आधी काय घ्यायचं? नव्याने जिम लावलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जिम लावून महिनाभर झाला की बरेच जण आमच्या दुकानात येतात. हातात कुणीतरी लिहून दिलेली चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर चार नावं असतात: व्हे प्रोटीन, क्रिएटिन, बीसीएए, मल्टिव्हिटॅमिन. चारही डबे आम्ही विकतो. पण खिशात चारांचे पैसे नसतील तर कुठून सुरुवात करायची, हे दर वेळी काउंटरवर घाईत सांगता येत नाही. म्हणून हे पत्रक. घरी नेऊन सावकाश वाचा. घरात स्वयंपाक करणाऱ्यांनाही वाचायला द्या, कारण यातला मोठा भाग त्यांच्याच हातात आहे.

गेल्या पावसाळ्यात चोपड्याकडचा एक मुलगा आला होता. वय १९, वजन ६० किलो, घर माळकरी, त्यामुळे अंडीसुद्धा नाहीत. महिन्याला बाराशे रुपये घालू शकतो म्हणाला. चारही डब्यांची बेरीज केली तर साडेचार हजारांच्या वर गेली. मग तो म्हणाला, "भाऊ, मग बीसीएए द्या." का, तर तो डबा बरोबर बाराशेत बसत होता. नवीन मुलांचं असं फार वेळा होतं. गरज बघून नाही, किमतीत बसतो म्हणून डबा निवडला जातो. त्याला आम्ही बीसीएए दिलं नाही. त्याच्याकडून कागदावर एक हिशेब करून घेतला, तोच इथे देत आहोत.

आधी ताटातलं प्रोटीन मोजा

वजनं उचलून अंग भरायचं असेल तर दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन पुरतं. त्याहून जास्त खाल्ल्याने सहसा वेगळा फायदा दिसत नाही. या मुलाचं वजन ६० किलो, म्हणजे दिवसाला ९५ ग्रॅमच्या आसपास.

मग आदल्या दिवशी काय खाल्लं ते विचारलं. सकाळी पोहे, त्यात थोडे शेंगदाणे, आणि दिवसभरात दोन कप चहा. यातून ९ ग्रॅम. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, वांग्याची भाजी आणि वाटीभर वरण, मिळून २१. संध्याकाळी टोस्ट, ३. रात्री तीन पोळ्या आणि शेवभाजी, १७. एकूण ५० ग्रॅम. म्हणजे रोज ४५ ग्रॅम कमी पडत होतं. हे आकडे अंदाजाचेच असतात, दोन-चार ग्रॅम इकडे तिकडे झाले तरी चालतं. पण अर्ध्यावर आहोत की जवळ पोचलो आहोत, ते कळतं.

हे ४५ ग्रॅम व्हेमधून भरायचे तर रोज दोन स्कूप लागतील. आमच्याकडे किलोचा साधा डबा चोवीसशेला आहे. त्यात ३० स्कूप निघतात, एका स्कूपला ८० रुपये आणि २४ ग्रॅम प्रोटीन. दोन स्कूपने डबा पंधरा दिवसांत संपतो. बाराशेत हे बसत नाही.

तेच ४५ ग्रॅम किराणा दुकानातून असे भरले: ५० ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्या (२६ ग्रॅम प्रोटीन, साडेसात रुपये), पाव लिटर दूध (८ ग्रॅम, पंधरा रुपये), आणि शेंगदाणे-फुटाणे मिळून मूठ-दीड मूठ, म्हणजे ५० ग्रॅम (११ ग्रॅम, आठ रुपये). रोजचे ३१ रुपये, महिन्याचे साधारण ९३०. बाराशेतले २७० शिल्लक राहिले, आणि पहिला डबा त्यातूनच आला. दूध आणि शेंगदाणे घरचेच असतील तर खर्च आणखी खाली येतो. अंडी चालत असतील तर एका अंड्याचे ६ ग्रॅम धरा.

वड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मुलं त्या दोन दिवस खातात आणि सोडून देतात. पोट फुगतं, वास येतो. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. फुगल्या की गार पाण्यात घालून मुठीत घट्ट पिळा. फेसाळ पाणी निघेल, ते टाका. पुन्हा पाण्यात घालून पुन्हा पिळा. दुसऱ्या पिळण्यात पाणी जवळजवळ स्वच्छ येतं आणि वास बराच जातो. मग आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यात टाका, वडी रस्सा छान धरते. पहिला आठवडा २५ ग्रॅमच खा, पोट सरावलं की ५० करा. सोयाने पुरुषांचे हार्मोन बिघडतात अशी भीती खूप जण बोलून दाखवतात. एवढ्या प्रमाणात तसं होत नाही, हे माणसांवरच्या अभ्यासांत तपासलेलं आहे. थायरॉइडची गोळी चालू असेल तर गोळी आणि सोया यांत चार तासांचं अंतर ठेवा, कारण सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही. आणि ज्यांना वजन कमी करायचं आहे त्यांनी शेंगदाणे कमी करून वड्या व दूध ठेवावं. शेंगदाण्यात प्रोटीनपेक्षा तेल जास्त असतं.

कळण्याची भाकरी घरात होत असेल तर ती जरूर चालू ठेवा. ज्वारीबरोबर उडीद दळलेला असल्याने नुसत्या ज्वारीपेक्षा तिच्यात प्रोटीन जास्त असतं.

पहिला डबा: क्रिएटिन

ताट बसल्यावर पहिला पैसा क्रिएटिनवर घाला. जड वजन उचलताना पहिल्या काही सेकंदांत स्नायू जी ताकद वापरतात ती परत भरून देण्याचं काम क्रिएटिन करतं. त्यामुळे आठ वेळा उचलता येणारं वजन नऊ-दहा वेळा उचलता येतं, आणि या जास्तीच्या एक-दोन वेळांतूनच पुढे अंग भरतं. शरीर ते थोडं स्वतः बनवतं, बाकीचं मटण-मासळीतून येतं. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत साठा मुळातच कमी असतो, म्हणून त्याला फरक बहुधा जास्त जाणवतो. माळकरी घरातल्या मुलाला हाच डबा आधी देण्याचं कारण तेच.

साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट घ्या. दुसऱ्या नावांची, दुप्पट किमतीची क्रिएटिन बाजारात आहेत, पण साध्यापेक्षा ती सरस ठरलेली नाहीत. रोज ३ ग्रॅम पुरे. २५० ग्रॅमचा डबा ८३ दिवस जातो. आमच्याकडे तो सहाशेला आहे, म्हणजे महिन्याला साधारण २२० रुपये. मुलाचा हिशेब साडेअकराशेत बसला तो असा.

सुरुवातीला आठवडाभर रोज २० ग्रॅम घ्यायची पद्धत आहे. त्याने स्नायू लवकर भरतात, पण पोट बिघडू शकतं आणि डब्याचा निम्म्याहून जास्त भाग सात दिवसांत जातो. ३ ग्रॅमने तोच साठा तीन-चार आठवड्यांत भरतो. पैसे मोजके असतील तर थांबणं परवडतं. वेळ कोणतीही चालते, जिमला सुट्टी असेल त्या दिवशीही घ्यायचं. कोमट पाण्यात लवकर विरघळतं. तळाशी रवाळ साका उरला तर पुन्हा पाणी घालून प्या. डब्यातला चमचा ३ ग्रॅमचा आहे की ५ चा, ते लेबलवर वाचा.

पहिल्या महिन्यात वजन एक-दीड किलो वाढेल. ते स्नायूंत धरलेलं पाणी आहे, चरबी नाही. फरक पडतोय का हे आरशात शोधू नका, वहीत लिहा: कोणतं वजन, किती वेळा. महिनाभराने तेच वजन एक-दोन वेळा जास्त उठत असेल तर काम होत आहे. काही जणांना फारसा फरक पडत नाही, विशेषतः रोज मटण-मासळी खाणाऱ्यांना. अशांनी दुसरा डबा घेण्याआधी विचार करावा.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी खास सूचना. क्रिएटिनचा उपयोग गोळाफेकीला आणि १०० मीटरला होऊ शकतो. १६०० मीटरमध्ये मात्र तो किलो-दीड किलो अंगावर घेऊनच पळायचं असतं. धावण्यातच गुण अडकत असतील तर आम्ही हा डबा देत नाही, ताटावरच भर द्यायला सांगतो.

किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रिएटिनही नको आणि जास्तीचं प्रोटीनही नको. रक्त तपासायला जाल तेव्हा क्रिएटिन चालू आहे हे सांगा, कारण रिपोर्टात क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं आणि विनाकारण घाबरगुंडी उडते. १८ वर्षांखालच्या मुलांना आम्ही हा डबा विकत नाही.

व्हे कधी?

व्हे म्हणजे दुधाचंच प्रोटीन, पावडरच्या रूपात. चांगलं असतं, फक्त महाग पडतं. भुसावळला रेल्वेत किंवा जळगावच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणारे, मेसचं पातळ वरण खाणारे, खोलीवर गॅस नसलेले, अशांनी रोज एक स्कूप घेतला तर पैसे योग्य जागी जातात. अर्ध्या महिन्यापुरतं घेऊन मग बंद, असं करू नका. तेवढ्या पैशात महिनाभर दूध-वड्या येतात.

डबा कुणाकडूनही घ्या, लेबल वाचा. घटकांच्या यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन दिसलं तर सावध व्हा. प्रयोगशाळेत प्रोटीन बहुधा नायट्रोजनवरून मोजतात, आणि या स्वस्त पावडरी मिसळल्या की खरं प्रोटीन न वाढता आकडा वाढतो. एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक हवा, परदेशी डब्यावर आयात करणाऱ्याचा पत्ताही हवा. एकदा घाऊकवाल्याकडून पत्त्याचं स्टिकर नसलेला माल आमच्याकडे आला होता, तो आम्ही सगळा परत पाठवला. एप्रिल-मेमध्ये डबा पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नका, झाकण घट्ट लावून गार, कोरड्या जागी ठेवा.

बीसीएए सध्या नको

बीसीएए म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन. स्नायू बांधायला शरीराला बाहेरून नऊ अमिनो आम्लं लागतात, त्यातली ही फक्त तीन. नुसत्या तिघांनी काम पुरं होत नाही. शिवाय व्हेच्या एका स्कूपमध्ये ती साडेपाच ग्रॅमच्या आसपास असतातच, आणि तुमच्या ५० ग्रॅम वड्यांमध्येही साडेचार ग्रॅम. प्रोटीन पुरेसं खाणाऱ्या माणसाला तेच पुन्हा विकत घ्यायचं कारण नाही. व्यायामात गोड, रंगीत पाणी प्यायला बरं वाटतं हे खरं, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात लिंबू, मीठ, साखरेचं पाणी ते काम करतं.

मल्टिव्हिटॅमिनऐवजी तपासणी

शरीरात कमतरता नसेल तर या गोळीने ताकद वाढत नाही. कमतरता असेल तर तिच्यातल्या थोड्या मात्रेने ती बहुधा भरूनही निघत नाही. पूर्ण शाकाहारी असाल, सतत थकवा असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर गोळ्यांच्या दोन डब्यांचे पैसे बाजूला ठेवून एकदा बी १२ आणि डी जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून घ्या. बी १२ वनस्पतींमधून मिळत नाही, दुधातून थोडं मिळतं. रिपोर्ट कमी आला तर डॉक्टर नेमकी मात्रा लिहून देतील आणि ती गोळी औषधाच्या दुकानातच मिळेल, आमच्याकडे नाही.

दुकानात येताना काल दिवसभरात काय खाल्लं ते एका कागदावर लिहून आणा. चहा-टोस्टसुद्धा लिहा. हिशेब आम्ही बसून करून देतो, त्याचे पैसे नाहीत, आणि त्या दिवशी काही घेतलंच पाहिजे असंही नाही.